अविश्वासार्ह निवेदक: वर्गातली व्याख्या कादंबरीच्या पानावर कशी उतरवायची

"या कादंबरीतला निवेदक अविश्वसनीय आहे, कारण तो खोटं बोलतो." कादंबरीचे पेपर तपासायला बसलं की हे वाक्य पहिल्या आठ-दहा उत्तरपत्रिकांतच भेटतं. त्यातला 'अविश्वसनीय' हा शब्द फसवा आहे आणि पुढे दिलेलं कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं. तरी मुलांना दोष देववत नाही. ही संज्ञा वर्गात दोन ओळींत सांगून संपते आणि मग कादंबरी उघडल्यावर नेमकं काय शोधायचं ते कुणी सांगत नाही. इथे तेवढंच करायचं आहे: एक कादंबरी घ्यायची, तिच्या निवेदकावर ही संज्ञा लावून बघायची, आणि ती का लागते ते उत्तरात सिद्ध करायचं.

आधी शब्दाचं बघू. रोजच्या मराठीत 'अविश्वसनीय' म्हणजे ज्यावर विश्वासच बसू नये असं, थक्क करणारं. शेवटच्या चेंडूवर सामना फिरला की समालोचक हाच शब्द वापरतो. 'अनरिलायबल नॅरेटर'साठी 'अविश्वसनीय निवेदक' बराच रुळला आहे, पण त्यामुळे विद्यार्थी गोष्टीत अचाट काहीतरी शोधायला जातो. मी 'अविश्वासार्ह' म्हणतो: ज्याच्या सांगण्यावर विसंबून राहता येत नाही असा. एखादं मांजर कादंबरी सांगत असेल, तर गोष्ट अविश्वसनीय झाली. मांजर मात्र अगदी विश्वासार्ह असू शकतं.

आता 'खोटं बोलतो'चं. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी 1961 साली 'द रेटरिक ऑफ फिक्शन' या पुस्तकात मांडली. त्यांचं म्हणणं साधारण असं: निवेदकाचं बोलणं-वागणं त्या कलाकृतीच्या मूल्यांशी, म्हणजेच तिच्या सूचित लेखकाच्या मूल्यांशी जुळत असेल तर तो विश्वासार्ह, जुळत नसेल तर अविश्वासार्ह. या व्याख्येत खोटेपणा कुठेच नाही. तुलना निवेदक आणि कलाकृती यांच्यात आहे. या दोघांमधली फट म्हणजे अविश्वासार्हता. निवेदक पूर्ण प्रामाणिक असूनही ती फट असू शकते, आणि चांगल्या कादंबऱ्यांत बहुधा तसंच असतं.

पहिलं काम: कोण कुणाशी बोलतंय ते वेगळं करा

कादंबरी वाचताना तीन जणांना वेगळं धरायला लागतं. पहिला लेखक, ज्याचं नाव मुखपृष्ठावर असतं, जो हाडामांसाचा आहे आणि ज्याच्या मुलाखती येतात. दुसरा निवेदक, जो 'मी' म्हणून गोष्ट सांगतो. तिसरा सूचित लेखक. हा कुठे दिसत नाही, बोलत नाही. प्रसंग कुठल्या क्रमानं ठेवले, कुणाच्या तोंडी काय घातलं, कुठलं प्रकरण कुठे तोडलं, या सगळ्या निवडींवरून जी एक जाण आपल्याला जाणवते, तिला सूचित लेखक म्हणायचं. निवेदक बोलत असतो आणि सूचित लेखक त्याच्या पाठीमागून आपल्याला डोळ्यांनी खुणावत असतो.

चौथी, ऐकणाऱ्याची बाजूही लक्षात ठेवायची, कारण मी स्वतः तिथेच आपटलो होतो. शिकवायला लागलो त्या वर्षी मी वर्गात काझुओ इशिगुरो यांची 1989ची 'द रिमेन्स ऑफ द डे' घेतली होती. तिचा निवेदक स्टीव्हन्स हा एका इंग्लिश हवेलीतला बटलर. त्यानं आयुष्याची उमेदीची वर्षं लॉर्ड डार्लिंग्टन नावाच्या, पुढे नाझींशी जवळीक केल्याबद्दल बदनाम झालेल्या उमरावाच्या चाकरीत घालवली. मी ठणकावून सांगितलं की हा अविश्वासार्ह आहे, खोटं बोलतो. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, कुठल्या पानावर?" पान मला माहीत होतं. प्रवासात कुणीतरी स्टीव्हन्सला विचारतं, तुम्ही लॉर्ड डार्लिंग्टनकडे होता का, आणि तो चक्क नाही म्हणतो. मी ते पान उघडून दाखवलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "पण सर, हे तो आपल्याला सांगतोय ना? म्हणजे आपल्याशी खरंच बोलला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं बरोबर होतं. पात्रांशी खोटं बोलणं वेगळं आणि वाचकाला चुकीचं सांगणं वेगळं. निवेदक दुसऱ्याला फसवतो आणि ते आपल्याला प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा तेवढ्यावरून त्याला अविश्वासार्ह म्हणता येत नाही. त्या प्रसंगात खरी गोम पुढे आहे. नाही का म्हणालो याचं जे कारण स्टीव्हन्स देतो, ते असं की लॉर्डसाहेबांबद्दल लोक वाटेल ते बोलतात, ते ऐकणं टाळायचं होतं. हे कारण त्याला पटलेलं आहे, निदान तसं तो दाखवतो. आपल्याला मात्र वाटतं की मालकाची लाज वाटत असावी आणि ती स्वतःशीही कबूल करवत नसावी. फट तिथे आहे.

दुसरं काम: पानावरची खूण पकडा

'मला संशय येतो' हे उत्तरात चालत नाही. संशय कुठल्या शब्दांनी आला ते दाखवावं लागतं. खुणा कशा असतात ते बघायला मी वर्गात एक स्वतः रचलेला उतारा फळ्यावर लिहितो:

"दादाच्या सत्काराला मी गेलो नाही, त्याला विशेष काही कारण नव्हतं. ताप होता, दिवसभर झोपूनच होतो. त्यानं भाषणात एकेकाचं नाव घेतलं, माझ्या नावापाशी आला, थांबला, घोटभर पाणी प्याला आणि पुढच्या नावाकडे गेला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. अकरा वर्षं झाली, मी त्याचा कधी विचारही केलेला नाही."

पाच वाक्यं आहेत. शेवटून सुरुवात करू. ज्याचा विचार केला नाही त्याची वर्षं कुणी मोजून ठेवत नाही. त्याआधीचं वाक्य: 'काहीच वाटलं नाही' असं कुणी विचारलं होतं का? न विचारता केलेला इन्कार ही फार जुनी आणि फार भरवशाची खूण आहे. पहिल्या वाक्यात 'विशेष काही कारण नव्हतं' आणि लगेच दुसऱ्या वाक्यात कारण, तेही दोन पदरी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अंथरुणात पडलेल्या माणसाला घोटभर पाणी दिसलं कसं?

वर्गात सगळे या पाण्यावरच तुटून पडतात: तो गेला होता, लपवतोय! असेलही. पण त्याला कुणी येऊन सांगितलं असेल हीही शक्यता आहे, किंवा अकरा वर्षं मनात घोळवून त्यानं ते दृश्य स्वतःच रचलं असेल. तिन्हींपैकी खरं काय हे उताऱ्यावरून ठरत नाही. ठरतं ते इतकंच की त्याला फार लागलं आहे आणि तो ते नाकारतो आहे. जेवढं मजकुरातून निघतं तेवढंच घ्यायचं. त्यापलीकडे गेलात की परीक्षक समासात प्रश्नचिन्ह काढतो.

एका खुणेवर निकाल देऊ नका. निदान तीन खुणा एकाच दिशेनं जायला हव्यात, आणि त्यातली एखादी तरी निवेदकाच्या हातात नसलेली हवी. हातात नसलेली म्हणजे काय? निवेदकाचं मत, त्याची टिप्पणी, त्याची कारणं ही त्याची स्वतःची असतात. पण दुसऱ्या पात्राचं बोलणं जेव्हा तो अवतरणात देतो, तेव्हा त्या माणसाचा आवाज गोष्टीत शिरतो, आणि तो आवाज निवेदकाची बाजू घेईलच असं नाही.

तिसरं काम: एक प्रसंग जवळून बघा

आता स्टीव्हन्सकडे येऊ. 1923 सालच्या मार्च महिन्यात डार्लिंग्टन हॉलवर मोठी अनौपचारिक परिषद भरली आहे. देशोदेशीचे पाहुणे आले आहेत. स्टीव्हन्सचे वडील त्याच हवेलीत कामाला असतात आणि त्या रात्री वरच्या मजल्यावर त्यांचा अंत होतो. हाउसकीपर मिस केंटन त्याला बोलवायला येते. आपण खालचं काम सोडू शकत नाही, वडिलांनाही तेच आवडलं असतं, असं म्हणून तो पाहुण्यांना पेयं देत राहतो.

त्या वेळी स्टीव्हन्सच्या निवेदनात दुःखाचा शब्द नाही. कुणाला काय दिलं, कोण काय म्हणालं, कुणाचे पाय दुखत होते, हे सगळं आहे. त्याच रात्री लॉर्डच्या मित्राचा तरुण मुलगा मिस्टर कार्डिनल त्याला विचारतो, तू बरा आहेस ना? थोड्या वेळानं खुद्द लॉर्ड डार्लिंग्टन विचारतात, तू रडल्यासारखा दिसतोयस. स्टीव्हन्स हसतो, रुमाल काढून घाईनं चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीचं कारण पुढे करतो.

आपण रडत होतो हे स्टीव्हन्स आपल्याला कुठेही सांगत नाही. कळतं ते दोन पाहणाऱ्यांच्या तोंडून, आणि त्यांचं बोलणं स्टीव्हन्सनंच प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. त्याला ते गाळता आलं असतं. गाळलं नाही, म्हणजे एका बाजूनं तो अचूक साक्षीदार आहे आणि त्याच वाक्यांत स्वतःच्या आतलं सांगायला असमर्थ आहे. 'खोटं बोलतो' हे कारण इथे किती तोकडं पडतं ते बघा.

आणि प्रसंग तिथे संपत नाही. या सगळ्या रात्रीकडे मागे वळून बघताना तो म्हणतो, तिच्याशी दुःखाच्या आठवणी जोडलेल्या असल्या तरी मला तिच्याविषयी मोठी विजयाची भावना वाटते. बटलर म्हणून प्रतिष्ठा कशाला म्हणतात ते आपण त्या रात्री थोडंफार गाठलं, असं त्याचं मोजमाप आहे. वाचकाचं मोजमाप ते नसतं. मी हे पान मोठ्यानं वाचतो तेव्हा वर्ग गप्प होतो. मीही पुढचं वाक्य जरा थांबून बोलतो.

चौथं काम: तो कुठे चुकतोय ते ठरवा

अमेरिकन समीक्षक जेम्स फेलन यांनी पुढे बूथच्या कल्पनेची चांगली फोड केली. निवेदक तीन कामं करतो. काय घडलं ते सांगतो, त्याचा अर्थ लावतो, आणि त्याचं मोल ठरवतो: चांगलं की वाईट, योग्य की अयोग्य. या तिन्हींत तो चुकू शकतो, किंवा कमी पडू शकतो. म्हणजे चुकीचं सांगणं आणि अपुरं सांगणं. चुकीचा अर्थ लावणं आणि अपुरा अर्थ लावणं. चुकीचं मोल करणं आणि अपुरं मोल करणं. असे सहा प्रकार झाले. पाठ करायचे नाहीत, प्रश्न म्हणून वापरायचे. 'निवेदक अविश्वासार्ह आहे' याऐवजी 'कशाबाबत अविश्वासार्ह आहे' असं विचारलं की उत्तर आपोआप खोल जातं.

वडिलांच्या मृत्यूच्या रात्री स्टीव्हन्स घटना अपुऱ्या सांगतो, कारण आपले अश्रू सांगायचं टाळतो, आणि त्या रात्रीचं मोल आपल्याला पटेल तसं करत नाही. चुकीची घटना मात्र एकही सांगत नाही.

मिस केंटनच्या पत्राचं बघा, तिथे प्रकार दुसरा आहे. कादंबरीच्या वर्तमानात, म्हणजे 1956च्या जुलैत, स्टीव्हन्स नव्या मालकाची मोटार घेऊन तिला भेटायला निघालेला असतो. तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली आहेत. तिचं पत्र आलं आहे आणि त्यात डार्लिंग्टन हॉलवर परत यायची इच्छा स्पष्ट दिसते, असं तो आपल्याला सांगतो. प्रवासात तो ते पत्र पुन्हा पुन्हा वाचतो. हळूहळू त्याचाच सूर मवाळ होतो: आपण तिच्या काही ओळींतून जास्त अर्थ काढला असेल. हा चुकीचा अर्थ लावण्याचा नमुना, आणि दुरुस्ती करणाराही तोच.

घटना सांगण्यातली चूकही कादंबरीत आहे आणि ती मला सगळ्यात सुंदर वाटते. एका ठिकाणी स्टीव्हन्सला आठवतं की मिस केंटनच्या बंद दाराबाहेर आपण उभे होतो, आत ती रडत असावी अशी आपली खात्री झाली होती आणि दार वाजवावं की नाही ते कळत नव्हतं. तो प्रसंग तो तिच्या मावशीच्या मृत्यूची बातमी आली त्या दिवसाशी जोडतो. बरंच पुढे गेल्यावर म्हणतो, नाही, माझी गल्लत झाली. ते दार त्या रात्रीचं होतं, जेव्हा तिनं दुसऱ्याच्या मागणीला होकार दिल्याचं येऊन सांगितलं होतं.

गल्लत साधी नाही. पहिल्या जागी ठेवलं तर ती मावशीसाठी रडत होती, त्यात स्टीव्हन्सचा संबंध काय? दुसऱ्या जागी ठेवलं तर ती त्याच्यामुळे रडत होती. दोन्ही वेळी त्यानं दार वाजवलं नाही. स्मृतीनं प्रसंग उचलून कमी दुखेल अशा जागी नेऊन ठेवला होता. स्टीव्हन्स हे म्हणत नाही. त्यानं फक्त तारीख दुरुस्त केली आहे.

पाचवं काम: तीन रकान्यांची वही

कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारा. पहिल्या रकान्यात निवेदक काय म्हणतो ते, पानाच्या क्रमांकासह. दुसऱ्यात त्याच गोष्टीबद्दल मजकुरात आणखी काय दिसतं: दुसऱ्याचं बोलणं, कृती, आधीचं किंवा नंतरचं विधान. तिसऱ्यात एकच शब्द: घटना, अर्थ किंवा मोल.

स्टीव्हन्सची एक नोंद अशी होईल. पहिला रकाना: लॉर्डनं दोन ज्यू मोलकरणींना काढायला सांगितलं तेव्हा स्टीव्हन्स हे कामाचा भाग म्हणून शांतपणे पार पाडतो, वर्षभरानंतर लॉर्डला चूक उमगते तेव्हा मिस केंटनला सांगतो की त्या वेळी मलाही त्रास झाला होता. दुसरा रकाना: मिस केंटन विचारते, मग तेव्हाच का नाही सांगितलंत, तुम्ही नेहमी असं सोंग का घेता? तिसरा रकाना: मोल.

दहा-बारा नोंदी झाल्या की तिसरा रकाना वरून खाली वाचा. एकच शब्द पुन्हा पुन्हा येत असेल, तर तुमच्या उत्तराचं मुख्य विधान तयार झालं. स्टीव्हन्सच्या बाबतीत माझ्या वहीत 'घटना' फार कमी वेळा येते. 'अर्थ' आणि 'मोल' यांनी पान भरतं. म्हणजे हा माणूस घडलेलं बहुतांशी बरोबर सांगतो, पण स्वतःचं आयुष्य वाचायला त्याला येत नाही. एवढं एक वाक्य हाताला लागावं म्हणून ही सगळी खटपट.

पहिल्या वाचनात वही उघडू नका. पहिल्यांदा त्याच्यावर विश्वास ठेवूनच वाचायचं असतं. संशय घेऊन सुरुवात केली की प्रत्येक वाक्यात कट दिसायला लागतो.

सहावं काम: स्वतःच्या निकालाची उलटतपासणी

इथे सगळ्यात जास्त गुण जातात. फट दिसली म्हणजे अविश्वासार्हताच असं नाही. तिची आणखी काही कारणं असू शकतात आणि ती आधी बाजूला काढायला लागतात.

पहिली शक्यता, ती फट लेखकाची चूक आहे. एका प्रकरणात बहीण मोठी आणि दुसऱ्यात धाकटी झाली असेल तर तो छापखान्याचा किंवा लेखकाचा घोटाळा असू शकतो. ओळखायचं कसं? त्या चुकीचा गोष्टीला काही उपयोग होतोय का ते बघा. दाराच्या आठवणीतली गल्लत काढून टाकली तर कादंबरीचं मोठं नुकसान होतं, आणि मुळात ती कादंबरीतच उघड केली आहे. बहिणीचं वय दुरुस्त केलं तर कुणाला काही कळणारही नाही.

दुसरी शक्यता, तो उपरोध आहे. निवेदक स्वतःच थट्टेनं उलटं बोलत असेल आणि आपण हसावं अशी त्याची इच्छा असेल, तर तो आणि सूचित लेखक एकाच बाजूला आहेत. फट नाहीच. उपरोधिक बोलणं म्हणजे अविश्वासार्हता नव्हे, हे बूथनीही बजावलं आहे. विनोद निवेदकाला कळलाय की फक्त आपल्याला, एवढं विचारा.

तिसरी शक्यता जरा अडचणीची आहे: फट तुमच्या आणि निवेदकाच्या मतांत आहे, कादंबरी आणि निवेदकाच्या मतांत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीतला निवेदक स्त्रियांबद्दल आज खटकेल असं बोलतो, म्हणून विद्यार्थी त्याला अविश्वासार्ह ठरवतो. पण कादंबरीची रचनाही तेच मानत असेल, तर बूथच्या व्याख्येनं तो निवेदक विश्वासार्ह आहे आणि तुमचं भांडण पूर्ण कादंबरीशी आहे. ते भांडण जरूर करा, मात्र त्याला या संज्ञेचं नाव देऊ नका. हेही सांगायला हवं की कलाकृतीची मूल्यं नेमकी कुणी आणि कशी ठरवायची, यावर बूथनंतरच्या अभ्यासकांनी बराच वाद घातला आहे. जर्मन अभ्यासक आन्सगार न्यूनिंग यांचा रोख असा की सूचित लेखक ही कल्पना धूसर आहे आणि वाचक आपल्या जगाची समज घेऊनच निवेदकाला जोखतो. मला यात तथ्य वाटतं. म्हणूनच उत्तरात 'मला पटत नाही' न लिहिता 'कादंबरी याच्या विरोधात हा प्रसंग ठेवते' असं लिहायला सांगतो. निदान पुरावा तरी पानावर येतो.

याच्याच जोडीला दोन सरधोपट गैरसमज. 'मी' म्हणून सांगणारा प्रत्येक निवेदक अविश्वासार्ह नसतो. त्याला सगळं माहीत नसणं ही मर्यादा झाली. मर्यादा त्याला ठाऊक असेल आणि तो ती सांगत असेल तर विश्वास उलट वाढतो. आणि अविश्वासार्ह म्हणजे वाईट माणूस नव्हे. मार्क ट्वेन यांचा हकलबरी फिन पळून चाललेल्या गुलामाला, जिमला, मदत करतो आणि आपण पाप करतोय, नरकात जाणार, असं प्रामाणिकपणे मानतो. त्यानं स्वतःचं केलेलं मोल साफ चुकीचं आहे आणि वाचकाला तो त्यामुळेच जास्त आवडतो. फट निवेदकाला आपल्यापासून दूर नेते तशी जवळही आणते. स्टीव्हन्सच्या बाबतीत दोन्ही होतं: मोलकरणींच्या प्रसंगात आपण त्याच्यापासून दूर जातो, दाराबाहेर त्याच्याजवळ उभे असतो.

सातवं काम: उत्तर लिहिणं

आता लिहायला बसा. पंधरा गुणांच्या उत्तरात व्याख्येला दोन-तीन वाक्यं पुरतात. बूथ, 1961, मूल्यांमधली फट; बस. मुलं इथे दीड पान घालवतात आणि कादंबरीला अर्धं उरतं.

कच्चं वाक्य असं असतं: "स्टीव्हन्स अविश्वासार्ह आहे कारण तो भावना लपवतो." यात चूक नाही, पण हे कुठल्याही अबोल माणसाबद्दल म्हणता येईल. पक्कं वाक्य असं: "वडिलांच्या मृत्यूच्या रात्री स्टीव्हन्स स्वतःच्या रडण्याचा उल्लेख करत नाही, ते वाचकाला लॉर्ड डार्लिंग्टनच्या प्रश्नातून कळतं. निवेदक घटना गाळतो, पण दुसऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा नोंदवतो, आणि त्यामुळे कादंबरीला जे सांगायचं आहे ते त्याच्या नकळत पोचतं." यात प्रसंग आहे, खूण आहे, प्रकार आहे आणि परिणाम आहे. असे तीन परिच्छेद लिहिले की उत्तर झालं. ते एकाच विधानाला धरून असावेत आणि शक्यतो कादंबरीच्या क्रमानं यावेत, कारण फट बहुधा एका जागी थांबत नाही, सरकत असते.

ती सरकते हे न लिहिल्यामुळे चांगली उत्तरं अर्धवट राहतात. स्टीव्हन्स शेवटपर्यंत सारख्याच प्रमाणात अविश्वासार्ह नाही. मिस केंटनला भेटल्यावर, तुमच्यासोबत आयुष्य कसं झालं असतं याचा मी कधीकधी विचार करते, असं ती सांगते, आणि तेव्हा तो आपल्याला एका वाक्यात सांगून टाकतो की त्या क्षणी माझं काळीज फाटत होतं. मोठ्यानं मात्र तिच्याशी रीतसर, सभ्य तेच बोलतो. पहिल्या प्रकरणापासून आपण ज्याची वाट बघत होतो ते निवेदन वाचकापर्यंत पोचतं, समोरच्या बाईपर्यंत नाही. पुढे वेमथच्या धक्क्यावर संध्याकाळी एका अनोळखी माणसापाशी तो बोलून जातो की लॉर्डसाहेबांनी निदान स्वतःच्या चुका तरी केल्या, मला तेवढंही म्हणता येत नाही. अनोळखी माणूस त्याला रुमाल देऊ करतो. 1923च्या रात्री त्याच्या हातात स्वतःचा रुमाल होता आणि कारण दगदगीचं होतं.

हे दोन रुमाल उत्तराच्या शेवटच्या परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवा. तिथे 'अविश्वासार्ह' हा शब्द पुन्हा वापरू नका. त्या धक्क्यावर तो लागू पडत नाही.